स्थिर मालमत्तेची विल्हेवाट आणि अदलाबदल

वापरातली स्थिर मालमत्ता विकली, मोडीत काढली किंवा नवी घेताना विक्रेत्याला परत दिली, की तिची मूळ किंमत, तिच्यावर साचलेला घसारा आणि तिच्या बदल्यात मिळालेले मूल्य या तीन गोष्टी एकत्र आणण्यासाठी जे तात्पुरते खाते उघडतात, त्याला मालमत्ता विल्हेवाट खाते म्हणतात. या खात्यात शिल्लक राहत नाही. तिन्ही रकमा नोंदवून जो फरक उरतो तो विल्हेवाटीवरचा नफा किंवा तोटा असतो आणि तो नफा-तोटा खात्याकडे गेला की खाते बंद होते.

रोख विक्रीपेक्षा अदलाबदलीत चुका जास्त होतात, कारण जुन्या यंत्राचे पैसे हातात येत नाहीत, ते नव्या यंत्राच्या बिलातून वळते होतात. लातूरच्या एका डाळ मिलचे कल्पित उदाहरण घेऊ. मिलने १ एप्रिल २०२१ रोजी रंगावरून डाळीचे दाणे निवडणारे कलर सॉर्टर यंत्र ८,००,००० रुपयांना घेतले. त्यावर मूळ किमतीच्या दरसाल १० टक्के दराने, सरळ रेषा पद्धतीने घसारा आकारला जातो आणि तो यंत्र खात्यातून न वजा करता संचित घसारा खात्यात जमा होतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मिलने हे यंत्र देऊन १२,००,००० रुपयांचे नवे यंत्र घेतले. विक्रेत्याने जुन्याचे ४,५०,००० रुपये धरले आणि उरलेल्या ७,५०,००० रुपयांचा धनादेश घेतला. जीएसटी येथे बाजूला ठेवला आहे.

पहिले काम म्हणजे विल्हेवाटीच्या तारखेपर्यंतचा घसारा लावणे. मार्च २०२४ अखेर तीन वर्षांचे २,४०,००० रुपये जमले होते. त्यात चालू सहा महिन्यांचे ४०,००० मिळवले की संचित घसारा २,८०,००० आणि पुस्तकी मूल्य ५,२०,००० रुपये होते. त्यानंतर मूळ किंमत यंत्र खात्यातून आणि साचलेला घसारा त्याच्या खात्यातून विल्हेवाट खात्यात आणतात. विक्रेत्याने धरलेली रक्कम नव्या यंत्राच्या नावे टाकून विल्हेवाट खात्यात जमा करतात.

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| यंत्र खाते (जुने) | ८,००,००० | संचित घसारा खाते | २,८०,००० |
| | | यंत्र खाते (नवे) | ४,५०,००० |
| | | नफा-तोटा खाते (तोटा) | ७०,००० |
| एकूण | ८,००,००० | एकूण | ८,००,००० |

धनादेशाची रक्कम या खात्यात कुठेच येत नाही. ती नव्या यंत्राच्या नावे आणि बँक खात्याला जमा होते, आणि ४,५०,००० व ७,५०,००० मिळून नव्या यंत्राची किंमत पूर्ण १२,००,००० बनते. घसारा थेट यंत्र खात्यातूनच वजा करण्याची रीत असेल, तर विल्हेवाट खात्याच्या नावे ८,००,००० ऐवजी पुस्तकी मूल्याचे ५,२०,००० रुपये येतात आणि संचित घसाऱ्याची नोंद लागत नाही. तोटा मात्र तेवढाच निघतो.

हा ७०,००० रुपयांचा तोटा म्हणजे आधीच्या घसाऱ्याच्या अंदाजाची दुरुस्ती आहे. साडेतीन वर्षांत यंत्राची किंमत ३,५०,००० रुपयांनी उतरली, पण पुस्तकांत २,८०,००० रुपयांचीच घट दाखवली गेली होती. सहा महिन्यांचा घसारा विसरला, तर तोटा १,१०,००० दिसतो. त्या वर्षाच्या नफ्यावरचा एकूण भार बदलत नाही, कारण घसारा आणि तोटा मिळून आकडा तोच येतो. पण वापराचा खर्च आणि विल्हेवाटीचा तोटा यांतली सीमा चुकते.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे फक्त धनादेश पाहून यंत्राच्या नावे ७,५०,००० टाकणे आणि जुने यंत्र पुस्तकांतून काढायचेच राहून जाणे. तेरीज जुळते, म्हणून कोणाला संशय येत नाही. यंत्र खाते १५,५०,००० दाखवत राहते आणि मिलमध्ये नसलेल्या यंत्रावर घसारा चालूच राहतो. ही चूक पकडायची तर यंत्र खात्याची शिल्लक नव्या यंत्राच्या पूर्ण बिलाशी आणि शेडमधल्या प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहावी लागते.

एक मर्यादा मात्र नीट ध्यानात घ्यावी लागते. विक्रेते सूट देण्याऐवजी जुन्याचा भाव वाढवून धरतात. तेच नवे यंत्र रोखीने ११,५०,००० रुपयांना मिळत असेल, तर जुन्याचे खरे मूल्य ४,००,००० ठरते, तोटा १,२०,००० होतो आणि नवे यंत्र ११,५०,००० रुपयांना नोंदवावे लागते. एएस १० हे लेखामानक देखील व्यापारी अर्थ असलेल्या अदलाबदलीत वाजवी मूल्याचाच आधार घेते. म्हणून बिलावरचा आकडा जसाच्या तसा उतरवण्यापूर्वी रोखीचा भाव विचारून घ्यावा.

प्राप्तिकराच्या हिशेबात यंत्रांचा घसारा एकेका यंत्रावर नव्हे, तर समूहावर काढला जातो. त्यामुळे समूहात इतर यंत्रे असताना पुस्तकांतला हा तोटा तेथे सहसा वेगळा वजा मिळत नाही, आणि करासाठी उत्पन्न काढताना तो पुस्तकी नफ्यात परत मिळवावा लागतो.