भिन्नस्तरीय भाषा-कार्यपत्रिका

एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या पातळीच्या शिकणाऱ्यांसाठी एकच भाषिक उद्दिष्ट ठेवून तयार केलेली कार्यपत्रिका. नवशिक्यांना तीत आधार मिळतो, तर पुढे गेलेल्यांना त्याच मुद्द्यावर अधिक खोल काम मिळते. सोपी आणि अवघड अशा दोन वेगळ्या पत्रिका काढणे म्हणजे भिन्नस्तरीय रचना नव्हे. तसे केले की दोन गट दोन वेगळ्या गोष्टी शिकतात आणि शेवटची चर्चा एकत्र घेता येत नाही.

आधारासाठी शिक्षणशास्त्रात बांधकामावरच्या परांचीची उपमा वापरतात. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत कशी केली जाते, याचा अभ्यास मांडताना ही उपमा वापरली. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. पत्रिकेतला आधारही उतरवण्यासाठीच असतो, आणि तो कुठे उतरवायचा हे आधीच ठरवावे लागते.

मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. उद्दिष्ट एकच: ‘ने’ लागलेल्या कर्त्याच्या भूतकाळी वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, हे वापरता येणे. मूळ पत्रिकेत फक्त तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता आणि एकवचनी कर्म ठेवावे, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही आणि नवशिक्याचे लक्ष तिकडे वळते. ‘वाचले’ आणि ‘वाचलं’ यांपैकी एकच रूप निवडून शेवटपर्यंत तेच वापरावे.

खरी कसोटी वाक्ये निवडताना लागते. ‘अनिलने कागद फाडला’ किंवा ‘आशाने चिठ्ठी वाचली’ अशी वाक्ये दिली, तर क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते असे समजणाऱ्याचेही उत्तर बरोबर येते आणि चूक झाकलेली राहते. म्हणून कर्ता आणि कर्म यांची लिंगे मुद्दाम वेगळी ठेवावीत: ‘आशाने कागद फाडला’, ‘अनिलने चिठ्ठी वाचली’, ‘अनिलने पुस्तक वाचले’.

१० वाक्यांची पत्रिका असेल, तर पहिली २ पूर्ण सोडवून द्यावीत आणि कर्मापासून क्रियापदाकडे बाण काढावा. पुढच्या ३ वाक्यांत नामापुढे पुं., स्त्री. किंवा नपुं. लिहून ‘फाडला, फाडली, फाडले’ यांतून निवड करायला सांगावी. नंतरच्या ३ वाक्यांत लिंग तेवढे द्यावे, रूप शिकणाऱ्याने लिहावे. शेवटच्या २ वाक्यांत काहीच देऊ नये. शब्दपेटी दिली तर रिकाम्या जागांपेक्षा तीत दोन-तीन शब्द जास्त असावेत. नाहीतर शेवटची उत्तरे उरलेल्या शब्दांवरून भरली जातात.

लिंग छापून देण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे: चूक कशामुळे झाली ते कळते. लिंग समोर असूनही कोणी ‘आशाने कागद फाडली’ लिहिले, तर बहुधा नियमच उमगलेला नाही. लिंग न दिलेल्या वाक्यातच ‘पुस्तक वाचला’ आले, तर नियम येतो, पण नामाचे लिंग पाठ नाही. पहिल्याला बाण पुन्हा दाखवावा लागतो, दुसऱ्याला शब्दांचा सराव पुरतो.

पुढे गेलेल्यांना आणखी १० वाक्ये देणे ही सर्वांत नेहमीची चूक. लवकर संपवल्याची ती शिक्षा ठरते. विस्ताराचे काम नियमाच्या कडेला न्यावे. उदाहरणार्थ ही चार वाक्ये द्यावीत: ‘आशाने चित्र पाहिले.’ ‘अनिलने मुलीला पाहिले.’ ‘अनिल चिठ्ठी विसरला.’ ‘आशा धडा शिकली.’ प्रत्येक ठिकाणी क्रियापद कोणाप्रमाणे चालते ते शोधून आपल्या शब्दांत नियम लिहायला सांगावे. कर्माला ‘ला’ लागताच क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते, आणि विसरणे, शिकणे ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याबरोबर जातात, हे त्यांनी स्वतः हुडकावे. त्यानंतर याच रचना वापरून पाच-सहा ओळींचा प्रसंग लिहून घेता येतो. सगळ्यांनी सोडवलेल्या ‘अनिलने चिठ्ठी वाचली’ या वाक्याशेजारी ‘अनिल चिठ्ठी विसरला’ ठेवले की चर्चा पूर्ण वर्गाची होते.

पत्रिकेवर ‘कच्चा गट’, ‘हुशार गट’ असे छापू नये. आधार घडीच्या पट्टीवर छापला, तर ज्याला हवा तो उघडतो आणि नको झाला की मिटतो. कोणी किती वाक्यांनंतर पट्टी मिटली याची नोंद ठेवली, तर पुढच्या पत्रिकेत आधार कुठे संपवायचा हे त्यावरून ठरवता येते.

या रचनेला एक मर्यादा आहे. अस्खलित बोलणारा पण देवनागरी सावकाश वाचणारा शिकणारा तीत नवशिका दिसतो. त्याला लिंगाच्या खुणा नकोत. मोठा टाईप, कमी मजकूर आणि वाक्ये मोठ्याने वाचून दाखवणारा जोडीदार त्याला जास्त उपयोगी पडतो.