पनीर बाहेरून बिघडते

पनीर करताना दूध साधारण 85 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मग ते लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक आम्लाने फाडले जाते, त्यामुळे ताज्या वडीच्या आतल्या भागात जिवंत जिवाणू फारच थोडे उरतात. पनीर बिघडवणारे बहुतेक जिवाणू त्यानंतर येतात. निवळी गाळण्याचे फडके, वडी थंड करण्याचे पाणी, डेअरीतली सुरी, वजनकाट्याचे ताट आणि शेवटी आपले हात, असा त्यांचा मार्ग असतो. म्हणून पनीर बाहेरून आत बिघडत जाते आणि ते किती दिवस टिकेल हे बरेचसे त्याच्या पृष्ठभागावर ठरते.

या जिवाणूंमध्ये स्यूडोमोनास हा गट महत्त्वाचा आहे. तो माती-पाण्यात सर्वत्र आढळतो, त्याला वाढायला हवेतला प्राणवायू लागतो आणि 4 अंशांच्या थंडीतही तो सावकाश वाढत राहतो. पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि ते दह्याइतके आंबट नसते, तेव्हा त्याला आणखी काय हवे? वाढता वाढता हे जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि खालची प्रथिने फोडतात. बोटाला लागतो तो बुळबुळीत थर म्हणजे ही वस्ती आणि तिने अर्धवट पचवलेले पनीर. काही जातींच्या रंगद्रव्यामुळे त्यावर हिरवट-पिवळी झाकही येते.

फ्रिजमध्ये ठेवण्याआधीच पनीरचे तुकडे करण्याची सवय इथे महागात पडते. सुमारे पाव किलोची, प्रत्येक बाजू 6 सेंटिमीटर असलेली वडी घेतली, तर तिचा पृष्ठभाग 216 चौरस सेंटिमीटर भरतो. तिचेच 2 सेंटिमीटरचे 27 तुकडे केले की तो 648 चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे जिवाणूंना तिप्पट जागा मिळते, आणि नवी उघडी पडलेली प्रत्येक बाजू सुरीच्या व पाटाच्या संपर्कात आलेली असते. वडी अखंड ठेवून लागेल तेवढीच कापणे त्यामुळे केव्हाही बरे.

सुटे पनीर पाण्यात बुडवून ठेवण्याचा घरगुती उपाय शास्त्राला धरूनच आहे, कारण पाण्याखाली प्राणवायू कमी पोहोचतो, कडा वाळून पिवळ्या पडत नाहीत आणि पाणी बदलताना पृष्ठभागावरचे थोडे जिवाणू धुतले जातात. मात्र नळाचे पाणी तसेच वापरले तर त्यातून नवे जिवाणू येऊ शकतात. पाणी उकळून पूर्ण गार करावे, स्वच्छ झाकणाच्या डब्यात वडी पूर्ण बुडेल इतके घ्यावे, रोज बदलावे आणि डबा फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावा, कारण दारातले तापमान सतत वरखाली होते. पाणी बदलले नाही तर पनीरमधून त्यात उतरलेली साखर आणि प्रथिने जिवाणूंचेच खाद्य ठरतात. अशी काळजी घेऊनही सुटे पनीर दोन-तीन दिवसांत संपवावे, असे माझे मत आहे. हवाबंद पाकिटातले पनीर तारखेपर्यंत टिकते ते पाकीट बंद असेपर्यंतच. एकदा फोडले की त्याला सुट्या पनीरचाच नियम लावावा.

आता बिघाड ओळखायचा कसा? पनीरवरची प्रत्येक ओल ही बुळबुळ नसते. ताज्या पनीरलाही निवळी सुटते, पण ती पाण्यासारखी पातळ असते आणि धुतल्यावर वडीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. बुळबुळ झालेली वडी धुऊनही निसरडीच राहते आणि बोट उचलताना कधीकधी बारीक तार सुटते. डब्यातले पाणी एका दिवसात गढूळ व चिकट होणे, हीही तीच खूण आहे. वास मात्र डबा उघडताच घेण्यापेक्षा छोटा तुकडा मोडून, तो खोलीच्या तापमानाला आल्यावर घ्यावा, कारण थंड पदार्थाचा वास दबलेला असतो. ताज्या पनीरला दुधाचा सौम्य वास येतो. आंबूस, खवट, कुजकट किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास आला, बुरशीचा ठिपका दिसला किंवा बंद पाकीट फुगले, तर चव पाहण्याच्या भानगडीत न पडता ते टाकून द्यावे.

बुळबुळीत थर खरवडून पनीर तळले तर चालेल, असे अनेक घरांत मानले जाते. तळताना जिवाणू मरतात हे खरे, परंतु स्यूडोमोनासने सोडलेली काही विकरे उष्णतेला चिवट असतात आणि त्यांनी आधीच तयार केलेला कडवटपणा व खवटपणा कढईत जात नाही. शिवाय अस्वच्छ हाताळणीतून आलेल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंचे विष उकळूनही सहज नष्ट होत नाही, आणि ते ना वासाने कळते ना स्पर्शाने. त्यामुळे उन्हाळ्यात चार-पाच तास ओट्यावर राहिलेले पनीर पांढरेशुभ्र आणि कोरडे दिसत असले तरी ते टाकूनच द्यावे.

दोन-तीन दिवसांत संपणार नसेल, तर ताजे असतानाच पनीर फ्रीझरमध्ये टाकावे. आतल्या पाण्याच्या बर्फामुळे त्याची वीण तुटते आणि ते भुसभुशीत होते, त्यामुळे टिक्क्याला ते नीट धरत नाही. भुर्जीला किंवा पराठ्याच्या सारणाला मात्र चांगले चालते.