अर्धी कापलेली स्प्रिंग

सर्पिल स्प्रिंगचे मधोमध कापून दोन समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा बलस्थिरांक मूळ स्प्रिंगच्या दुप्पट होतो. तेच वजन टांगल्यास दोलनाची वारंवारता सुमारे 1.41 पट (√2 पट) होते. कापल्यावर स्प्रिंग दुबळी होईल, असा अनेकांचा पहिला अंदाज असतो. प्रत्यक्षात ती अधिक कडक होते.

वजन टांगलेली स्प्रिंग स्थिर असताना तिच्या प्रत्येक वेढ्यातून तेवढेच बल जाते (स्प्रिंगचे स्वतःचे वजन नगण्य धरून). बल वेढ्यांमध्ये वाटले जात नाही. वाटली जाते ती लांबीतली वाढ. 40 वेढ्यांची स्प्रिंग 8 सेंमी ताणली गेली, तर प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला 2 मिमी येतात. 20 वेढ्यांच्या तुकड्यावर तेच बल लावले, तरी वेढा 2 मिमीच ताणला जातो, म्हणून एकूण वाढ 4 सेंमी भरते. बल तेच आणि वाढ निम्मी, म्हणजेच बलस्थिरांक दुप्पट.

तार, तिचा धातू आणि वेढ्याचा व्यास कापल्याने बदलत नाहीत, बदलते ती फक्त वेढ्यांची संख्या. स्प्रिंग ताणताना तार मुख्यतः पिळली जाते, त्यामुळे सूत्रात धातूचा दृढता गुणांक G येतो:

k = G d⁴ / (8 D³ N)

येथे d हा तारेचा व्यास, D हा वेढ्याचा सरासरी व्यास आणि N ही प्रत्यक्ष ताणल्या जाणाऱ्या वेढ्यांची संख्या. N निम्मा झाला की k दुप्पट होतो.

समजा, 40 वेढ्यांच्या स्प्रिंगचा k 20 न्यूटन प्रति मीटर आहे आणि तिला 200 ग्रॅमचे वजन टांगले आहे. T = 2π√(m/k) या सूत्राने दोलनकाल 0.628 सेकंद येतो, म्हणजे वारंवारता 1.59 हर्ट्झ. अर्ध्या तुकड्याचा k 40 होतो, दोलनकाल 0.444 सेकंदावर उतरतो आणि वारंवारता 2.25 हर्ट्झ होते. k दुप्पट होऊनही वारंवारता दुप्पट होत नाही, कारण ती k च्या वर्गमुळावर अवलंबून असते.

प्रयोगशाळेत मात्र गुणोत्तर बरोबर 1.414 क्वचितच येते, आणि ते थोडे जास्त आले म्हणून मोजणी चुकली असे लगेच समजू नये. स्प्रिंगलाही वस्तुमान असते आणि तीही हलत असते. टांगलेले वजन स्प्रिंगपेक्षा बरेच जड असेल, तर स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग m मध्ये मिळवावा लागतो. वरची स्प्रिंग 60 ग्रॅमची असेल, तर अखंड असताना 20 ग्रॅम मिळवायचे आणि अर्ध्या तुकड्यासाठी 10. दोलनकाल अनुक्रमे 0.659 आणि 0.455 सेकंद येतात, आणि वारंवारतांचे गुणोत्तर 1.45 होते. 20 दोलनांना सुमारे 13.2 आणि 9.1 सेकंद लागतील. एकच दोलन मोजू नये, कारण घड्याळ दाबण्यातली चूक या फरकाला सहज गिळून टाकते.

दुसरी गफलत हुकात होते. कापलेल्या टोकाला वजन अडकवायला हूक हवा, आणि तो करण्यासाठी बहुधा शेवटचा एक वेढा उलगडून वर वाकवतात. तो वेढा हिशोबातून बाद होतो. 20 ऐवजी 19 वेढे उरले की बलस्थिरांक 2 पट नव्हे, 2.1 पट होतो. म्हणून कापण्यापूर्वी कामाचे वेढे मोजून मधल्या वेढ्यावर खूण करावी आणि हूक केल्यावर दोन्ही तुकड्यांचे वेढे पुन्हा मोजावेत. कडक पोलादी तार साध्या पकडीने तोडल्यास पकडीची धार जाते. तारेवर कानशीने खाच पाडून तोडलेले बरे. ग्राइंडरने कापताना तार निळी पडेपर्यंत तापली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरते आणि तिथे वाकवलेला हूक भाराखाली उघडतो.

वेढे एकमेकांना चिकटलेल्या स्प्रिंगमध्ये सुरुवातीचा ताण आधीच भरलेला असतो, त्यामुळे ठरावीक बलापर्यंत ती हलतच नाही. अशा वेळी एकाच वजनावरून k काढला, तर तो खोटा मोठा येतो. वेढे सुटल्यानंतर 50-50 ग्रॅम वाढवत जावे आणि बल-वाढ आलेखाच्या सरळ भागाचा चढ घ्यावा. दोलनातही वेढे पुन्हा मिटणार नाहीत, इतके वजन टांगलेले असावे.

अर्धा तुकडा दुप्पट कडक असला, तरी तो दुप्पट वजन पेलत नाही. तारेतला ताण बलावर अवलंबून असल्याने कायमचे ताणले जाण्याचे बल पूर्वीइतकेच राहते. तिथवर पोहोचेपर्यंतची वाढ मात्र निम्मी होते. मूळ स्प्रिंग 30 सेंमीपर्यंत ताणून परत येत असेल, तर तुकडा 15 सेंमीच्या पुढे ओढल्यावर ढिला पडू लागेल.

दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी टांगून त्यांना एकच वजन अडकवले, तर बलस्थिरांक मूळच्या चौपट होतो आणि वारंवारता दुप्पट. आडव्या, घर्षण कमी असलेल्या रुळावरच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा जोडून त्यांची बाहेरची टोके पक्की केली, तरी उत्तर हेच येते. गाडी हलली की एक तुकडा ओढतो, दुसऱ्याची ओढ कमी होते, आणि दोन्हींचा परिणाम तिला मध्याकडे नेण्याचाच असतो.