मोठ्या प्रिंटसाठी रॉ फाइल उघडताना: शार्पनिंगच्या आधीची तपासणी

सप्टेंबर आला की आमच्या साताऱ्याच्या लॅबमध्ये कास पठाराच्या फोटोंची रीघ लागते. बहुतेकांना २० × ३० इंचांची प्रिंट हवी असते आणि तक्रारही ठरलेली असते: "स्क्रीनवर छान दिसत होतं, प्रिंटमध्ये गेंदाच्या फुलांवर रंगीत कण आलेत." असे कण शाईतून किंवा कागदातून येत नाहीत. ते फाइलमध्ये आधीपासूनच असतात, शार्पनिंगने फक्त ठळक होतात. म्हणून रॉ फाइल उघडताना, शार्पनिंगला हात लावण्याआधी काय बघावं ते इथे सांगतो. उदाहरणं रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण त्यात सगळी बटणं उघड दिसतात.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या या मांडणीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतं. या कामाला डिमोझेइकिंग म्हणतात. मोकळ्या आकाशात हा अंदाज सहसा चुकत नाही. गवताची पात, केस, जरीची कड अशा दोन-चार पिक्सेल रुंदीच्या गोष्टींवर तो चुकू शकतो. तेरड्याच्या गुलाबी-जांभळ्या पाकळीत तर अडचण दुहेरी असते. तिचा बराचसा तपशील लाल आणि निळ्या पिक्सेलमध्ये असतो आणि नेमके तेच संख्येने कमी असतात.

एक फोटो धरू: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ISO २००, तेरड्याच्या गालिच्यात पांढरी गेंदाची फुलं. फाइल ६००० × ४००० पिक्सेलची, म्हणजे २० × ३० इंचांत दर इंचाला २०० पिक्सेल. आठ पिक्सेल रुंदीचं गेंदाचं डोकं कागदावर साधारण १ मिलिमीटरचं होईल. भिंतीवर टांगलेल्या प्रिंटजवळ जाऊन बघणाऱ्याला ते दिसतं, आणि लोक हमखास जवळ जाऊनच बघतात.

आधी Neutral प्रोफाइल लावा, म्हणजे शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद होतील. मग 1:1 वर झूम करा. लहान करून बघितलेल्या प्रीव्ह्यूवर या बाबतीत विसंबू नका. बघायचं ते गेंदाकडे. हे फूल मुळात पांढरं, त्यामुळे त्यावर नारिंगी-निळे ठिपके दिसले तर ते खोटे हे लगेच कळतं. तेरड्याकडे बघून हा निवाडा होत नाही.

रंगीत कडा दिसल्या तर त्या लेन्समुळे की डिमोझेइकिंगमुळे, हे आधी ठरवावं लागतं. लेन्सचा दोष फोटोच्या मध्यावर जवळपास नसतो आणि कोपऱ्यांकडे वाढत जातो. शिवाय प्रत्येक फुलाच्या एका बाजूला लालसर आणि विरुद्ध बाजूला निळसर-हिरवट कड असते. डिमोझेइकिंगची चूक कुठेही दिसते, अगदी मध्यावरही, आणि तिला ठरावीक बाजू नसते.

लेन्सचा दोष असेल तर तो डिमोझेइकिंगच्या आधी काढायला हवा. लाल आणि हिरवे पिक्सेल एकमेकांशी जुळत नसतील तर त्यांच्यावरून केलेला अंदाज चुकीच्या जागेवर उभा राहतो. रॉथेरपीत यासारखी दुरुस्ती दोन ठिकाणी आहे. Transform टॅबमधली डिमोझेइकिंगनंतर चालते, Raw टॅबमधली Auto-correction आधी. आपल्याला Raw टॅबमधली हवी. आमच्या मते बारीक तपशिलासाठी या एका खुणेचा फायदा पद्धत बदलण्याहून जास्त असतो, आणि नेमकी तीच बंद राहिलेली आढळते.

यानंतर Demosaicing मधल्या Method कडे या. AMaZE ही मूळ निवड, आणि कमी ISO ला ती तपशील उत्तम जपते. आपल्या फोटोत मात्र RCD लावून बघा. गोल आकारांच्या कडा ती स्वच्छ ठेवते, म्हणून ताऱ्यांचे फोटो काढणारेही तीच वापरतात. गेंदाची डोकी गोलच आहेत. दोन्ही पद्धती आलटून-पालटून त्याच फुलावर बघा. फरक दिसला नाही तर तिथे वेळ घालवू नका, AMaZE राहू द्या. ISO ३२०० किंवा त्यापुढच्या, समारंभातल्या फोटोंना LMMSE बरी, कारण AMaZE नॉइजलाच तपशील समजून त्यातून नक्षी काढते. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरची मांडणी वेगळी असते. तिथे 3-pass निवडा.

एवढं करूनही गेंदावर ठिपके राहिले तर False color suppression steps हा आकडा ० वरून १ करा, फार तर २. हे साधन शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळतं, उजेड-अंधाराचा तपशील तसाच ठेवतं. त्यामुळे पांढरी डोकी पांढरी होतात, पण खरे बारीक रंगही फिके पडतात. पिवळ्या मिकी माउस फुलावरचे लाल ठिपके किंवा साडीच्या काठातला एकच लाल धागा आधी आणि नंतर बघून घ्या. तो धागा मळकट झाला तर आकडा मागे आणा. आमच्याकडे ५ वर नेलेल्या फाइली येतात. त्यांच्यात लहान फुलांचा रंग आजूबाजूच्या गवतात विरलेला असतो, आणि तो प्रिंटमध्ये परत आणता येत नाही.

काही कॅमेऱ्यांत दोन प्रकारच्या हिरव्या पिक्सेलची नोंद थोडी वेगळी येते. मग सपाट आकाशात चक्रव्यूहासारखी जाळी उमटते. ती दिसली तरच Green equilibration जाळी मोडेल इतकंच वाढवा. जाळी नसेल तर ते शून्यावरच बरं, कारण तपशील तेही खातं.

लाइटरूम वापरणाऱ्यांना पद्धत निवडता येत नाही. तिथे Enhance मधलं Raw Details करून बघा. तपासताना शार्पनिंगचं Amount ४० वरून ० वर आणा. रंगाच्या नॉइजसाठी Color हा आकडा आपोआप २५ वर असतो. ISO २०० च्या फोटोत तो कमी केला की लहान फुलांचे रंग टिकतात का, तेही बघा.

यातून सगळं सुधारत नाही. पठारावरच्या वाऱ्याने हललेलं फूल हललेलंच राहतं, आणि f/16 ला आलेला मऊपणा डिमोझेइकिंगची पद्धत बदलून जात नाही. साडीच्या विणीवर उमटलेले मोअरेचे पट्टेही पद्धत बदलून थोडे कमी होतात, जात नाहीत.

फाइल १६ बिट टिफमध्ये, प्रिंटसाठीचं शार्पनिंग न करता द्या. मॅट कागदाला ते जास्त लागतं, ग्लॉसीला कमी, म्हणून कागद ठरल्यावर आम्हीच करतो. शक्य असेल तर सोबत मूळ रॉ फाइल आणि रॉथेरपी तुमची सेटिंग्ज जिच्यात साठवतं ती .pp3 फाइलही पेनड्राइव्हवर आणा. गेंदावर ठिपके राहिलेच असतील तर काउंटरवर तुमच्यासमोर पद्धत बदलून बघू आणि पूर्ण प्रिंटच्या आधी त्या भागाची एक चाचणी पट्टी काढून देऊ.