साबणात कॉस्टिक उरलेलं नसतं, तरी हळदीचा डाग लाल का होतो?

हळदीच्या कार्यक्रमानंतर पांढरा सदरा धुवायला घेतला आणि साबण लावल्याबरोबर पिवळा डाग लालभडक झाला, हे ज्याने पाहिलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. हळदीतलं करक्युमिन अल्कली भेटली की लाल होतं आणि वर लिंबू पिळलं की परत पिवळं होतं, हे शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. (याच हळद-चुन्याच्या जोरावर बुवा लोक तांब्यातल्या पाण्याचं 'रक्त' करून दाखवतात आणि लोक पायाही पडतात, असो.) पण मुद्दा वेगळा आहे. सध्या घरगुती साबण करून विकणाऱ्यांची लाट आलीय, आणि त्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं की बाजारचा साबण हळद लाल करतो कारण त्यात कॉस्टिक उरलेलं असतं, आमचा मात्र "पीएच बॅलन्स्ड", 5.5 वाला. यातलं कारण चूक आहे आणि 5.5 चा दावा तर खऱ्या साबणाच्या बाबतीत शक्यच नाही, आणि का शक्य नाही ते समजून घेण्यात खरी मजा आहे.

शाळेत आपल्या डोक्यात एक समीकरण बसवलेलं असतं, आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी, आणि याला म्हणतात उदासिनीकरण. त्यावरून आपण गृहीत धरतो की क्षार झाला म्हणजे पीएच (पुस्तकातला सामू) 7 झाला, भांडण मिटलं. खाण्याच्या मिठाबाबत हे बरोबर आहे. साबण हाही क्षारच. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रिॲक्शन होऊन साबण आणि ग्लिसरीन मिळतं, म्हणजे साबण हा तेलातल्या फॅटी ॲसिडचा, समजा स्टिअरिक ॲसिडचा, सोडियम क्षार. कॉस्टिकचा कण न कण संपला, उलट तेलच पाच टक्के जादा टाकलं (साबणवाले याला सुपरफॅट म्हणतात), तरी त्या साबणाच्या पाण्याचा पीएच 9 ते 10 च्या घरातच येतो. साबणात OH⁻ नव्हतंच, मग ते आलं कुठून?

आलं पाण्यातून.

पाणी दिसतं तितकं शांत नसतं. त्यातले अगदी थोडे रेणू सतत फुटून H⁺ आणि OH⁻ होत असतात आणि परत जुळत असतात. शुद्ध पाण्यात 25 अंशाला दोन्हींचं प्रमाण लिटरमागे 10⁻⁷ मोल, आणि दोघांचा गुणाकार कायम 10⁻¹⁴ राहतो. एक कमी झालं की दुसऱ्याला वाढावंच लागतं, यातून सुटका नाही. आता यात मीठ टाका. क्लोराइड हा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा उरलेला भाग आणि ते ॲसिड इतकं कडक की एकदा H⁺ सोडला की तो परत घ्यायचं नावच काढत नाही, म्हणून क्लोराइड पाण्यात नुसता फिरत राहतो, सोडियमही कशात पडत नाही, पीएच 7 च. साबण टाकला की चित्र बदलतं. स्टिअरेट हा दुबळ्या ॲसिडचा आयन आहे, आणि ॲसिड दुबळं म्हणजेच H⁺ सोडायला नाखूष, म्हणजेच त्याच्या आयनला H⁺ ची ओढ. तो, म्हणजे खालचा R-COO⁻, पाण्यातले H⁺ उचलून परत फॅटी ॲसिड, R-COOH, व्हायला लागतो:

R-COO⁻ + H₂O ⇌ R-COOH + OH⁻

H⁺ उचलले गेले की तो 10⁻¹⁴ चा हिशोब बिघडतो, तो सांभाळायला पाण्याचे आणखी रेणू फुटतात, त्यातले H⁺ परत काही प्रमाणात स्टिअरेट घेऊन जातो आणि OH⁻ मात्र मागे साठत जातात. हेच ते हायड्रोलिसिस, जलअपघटन. सोडियम इथेही प्रेक्षकच आहे, त्याला उगाच दोष देऊ नका.

एक चुकीची समजूत इथे पटकन होते, की दुबळ्या ॲसिडचा आयन म्हणजे जबरदस्त अल्कली. तसं नाही. किती हायड्रोलिसिस होतं ते आकडा मांडून बघू. ॲसिड किती सुटं होतं हे सांगणारा स्थिरांक Ka, आणि आयन पाण्यातून H⁺ किती ओढतो हे सांगणारा Kb, आणि दोघांचा गुणाकार परत तोच 10⁻¹⁴ (होणारच, कारण दोन्ही रिॲक्शन एकत्र केल्या की उरतं ते फक्त पाण्याचं फुटणं). फॅटी ॲसिडच्या टोकाला जो कार्बॉक्सिल गट असतो तोच व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडला असतो, म्हणून त्याचाच Ka धरू, 1.8 × 10⁻⁵. मग Kb आला 5.6 × 10⁻¹⁰. आता एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम साबण विरघळवला, सोडियम स्टिअरेटचा एक मोल साधारण 306 ग्रॅमचा, म्हणजे आपल्याकडे 0.033 मोल झाले. जितके R-COOH तयार होतील तितकेच OH⁻, म्हणून दोघांनाही x म्हणू, आणि

x² ÷ 0.033 = 5.6 × 10⁻¹⁰

इथून x येतो 4.3 × 10⁻⁶. पीएच साधारण 8.6. म्हणजे साडेसात हजार आयनांमध्ये जेमतेम एकाने H⁺ पकडला! एवढ्याशा गोष्टीवर पीएच 7 वरून 8.6 वर जातो, कारण मुळात पाण्यात OH⁻ होतेच किती. आणि त्या वर्गामुळे आणखी एक गंमत होते, द्रावण दहापट पातळ केलं तरी या हिशोबाने पीएच फक्त 0.5 ने उतरतो. म्हणून साबण पाणी घालून घालून "न्यूट्रल" करायला गेलात तर बादल्या संपतील.

पण थांबा, हिशोब 8.6 म्हणतोय आणि खऱ्या साबणाच्या पाण्यात 9.5, कधी 10 सुद्धा येतो. हिशोब चुकला का? चुकला नाही, आपण एक गोष्ट गृहीत धरली होती की तयार झालेलं R-COOH पाण्यात सुखाने विरघळून राहतं. ॲसिटिक ॲसिड तसं राहतं, म्हणून सोडियम ॲसिटेटला हा हिशोब छान लागू पडतो. स्टिअरिक ॲसिड म्हणजे मेणासारखी अठरा कार्बनची साखळी, ती पाण्यात राहायला तयार नाही. ते ॲसिड तयार झालं रे झालं की शेजारच्या साबणाच्या रेणूंना चिकटून त्यांच्यासोबत बसतं (याला ॲसिड सोप म्हणतात, साबणाचं पाणी गढूळ दिसतं त्यात याचाही वाटा असतो), आणि द्रावणातून ते असं बाहेर पडलं की वरची रिॲक्शन उजवीकडे आणखी सरकते, आणखी OH⁻ सुटतात. शिवाय साबणाचे आयन एकत्र गोळा होतात तेव्हा त्यांच्या निगेटिव्ह डोक्यांची गर्दी होते आणि तिथे H⁺ ला जास्तच ओढ लागते. पीएच 10 ला पोचायला तीनशेतल्या एखाद्या आयनने H⁺ घेतला तरी पुरतं, हे फार मोठं काम नाही. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरून चला की पुस्तकातला फॉर्म्युला विरघळून राहणाऱ्या लहान आयनांसाठी चोख आहे, साबणासाठी तो खालची पायरी सांगतो.

आता 5.5 कडे. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, म्हणून हा आकडा जाहिरातीत भाव खातो. साबणाच्या पाण्याचा पीएच तिथे आणायचा तर त्यात ॲसिड घालावं लागणार. घालून बघा, ग्लासभर साबणाच्या पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर टाका, फेस बसतो आणि पांढरे कण तरंगायला लागतात. ते कण म्हणजे फॅटी ॲसिड. तुम्ही पीएच खाली आणला तो साबणच मोडून. अल्कलाइन असणं हा साबणातला दोष नाहीये, R-COO⁻ शाबूत ठेवायची ती अटच आहे. साबण बनवताना लिंबाचा रस घालतात त्यानेही हे टळत नाही, रस थोडं कॉस्टिक खाऊन सोडियम सायट्रेट करतो आणि तेवढं तेल न बदलता मागे राहतं, एवढंच. खरोखर 5.5 वाल्या वड्या मिळतात, पण त्या साबण नसतात, सिंडेट म्हणजे सिंथेटिक डिटर्जंटच्या वड्या असतात. त्यातला आयन सल्फोनिक ॲसिडचा, ते ॲसिड कडक, म्हणून तो क्लोराइडसारखाच H⁺ ला विचारत नाही, आणि पीएच हवा तिथे ठेवता येतो. कपड्याच्या पावडरीतही असाच आयन असतो, तरी ती हळद लाल करते, कारण त्यात धुण्याचा सोडा मुद्दाम घातलेला असतो आणि कार्बोनेट हा तर साबणापेक्षाही H⁺ चा जास्त भुकेला.

उलटी बाजू एका दमात सांगतो. कल्हईवाला वापरतो तो नवसागर, अमोनियम क्लोराइड, यात आयन दुबळ्या आम्लारीचा आहे, NH₄⁺, आणि तो H⁺ घेत नाही तर पाण्याला देतो. लिटरमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम टाकला तर पीएच 5.1 च्या आसपास. (कल्हईत तापलेल्या भांड्यावर नवसागर फुटून ॲसिडची वाफ होते, ते काम वेगळं, त्याला हायड्रोलिसिस म्हणू नका.)

राहिला प्रश्न की साबणात खरंच कॉस्टिक उरलंय का ते ओळखायचं कसं, कारण कच्च्या साबणात ते उरतंही आणि हात जाळतं. हळद, पीएचची पट्टी, पाण्यात अल्कली असली की गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलीन, सगळे चांगल्या साबणालाही "अल्कली" म्हणणार, त्यांना उरलेल्या कॉस्टिकचं OH⁻ आणि हायड्रोलिसिसचं OH⁻ यात फरक कळत नाही. लॅबमध्ये यावर साधा उपाय आहे, हायड्रोलिसिसला लागणारं पाणीच काढून घ्यायचं. साबणाचा कीस जवळपास निर्जल अल्कोहोलमध्ये कोमट करून विरघळवायचा (उघड्या ज्योतीवर अजिबात नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून), अल्कोहोल स्वतः आम्लधर्मी नाही ना ते आधी बघून घ्यायचं, आणि फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकायचे. रंग आला नाही तर मोकळं कॉस्टिक नाही. मग त्याच नळीत पाणी ओता, कॉस्टिकचा कणही न घालता गुलाबी रंग येतो. आणि अल्कोहोलमध्येच गुलाबी झाला तर ती वडी अजून कच्ची आहे, तिला काही आठवडे हवेशीर ठेवून परत तपासायची, तरीही गुलाबीच येत असेल तर मोजमापातच कॉस्टिक जास्त पडलंय आणि तो घाणा अंगाला लावायचा नाही.