आकाशपाळण्यात वजन कुठे कमी होतं?

आकाशपाळणा माथ्यावरून खाली येऊ लागला की पोटात गोळा येतो. आपण खाली पडतोय म्हणून असं होतं, अशी बहुतेकांची समजूत असते. पण मग चढताना सतत जड वाटायला हवं आणि तसं होत नाही. चाकाच्या वरच्या अर्ध्या भागात माणूस हलकाच असतो, पाळणा चढत असो की उतरत असो.

पृथ्वीची ओढ आपल्याला थेट जाणवत नाही. जाणवतो तो बैठकीने खालून दिलेला रेटा, आणि वजनकाटाही तोच मोजतो. गोल फिरणाऱ्या वस्तूचं त्वरण नेहमी केंद्राकडे असतं. कोनीय वेग ω आणि त्रिज्या r असेल तर ते ω²r इतकं भरतं. माथ्यावर केंद्र खाली असतं. त्यामुळे लागणाऱ्या त्वरणाचं काम पृथ्वीच्या ओढीतलाच काही भाग करतो आणि बैठकीला कमी रेटावं लागतं. तळाशी केंद्र वर असतं, म्हणून बैठकीला ओढ पेलून शिवाय माणसाला वरही ढकलावं लागतं.

समजा त्रिज्या 8 मीटर आहे आणि एक फेरी 10 सेकंदांत होते. एका फेरीत 2π रेडियन, म्हणजे ω झाला 0.628 रेडियन प्रति सेकंद आणि ω²r सुमारे 3.2 मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण 9.8 आहे. त्यातून 3.2 वजा केले की माथ्यावर 6.6 उरतात, मिळवले की तळाशी 13 होतात. 60 किलोच्या माणसाखाली काटा ठेवला तर तो माथ्यावर साधारण 40 आणि तळाशी 80 किलो दाखवेल. माणूस तोच, फरक दुपटीचा!

वेगाचा वर्ग येतो, ही यातली खरी गोम. हेच चाक 5.7 सेकंदांत फिरलं तर माथ्यावर बैठकीचा रेटा शून्य होईल. त्याहून जोरात फिरवलं तर बसणाऱ्याला दांडीच धरून ठेवेल. उलट ‘लंडन आय’ची त्रिज्या सुमारे 60 मीटर असली तरी एका फेरीला अर्धा तास लागतो, त्यामुळे 60 किलोंत जेमतेम चार-पाच ग्रॅमचा फरक पडतो.

एक शंका हमखास निघते. पाळणा आसाखाली लोंबतो, मग वर त्रिज्या कमी आणि खाली जास्त नाही का होत? नाही. पाळणा सरळ राहतो, त्यामुळे बसणाऱ्याचं अख्खं वर्तुळच थोडं खाली सरकतं, त्याचा आकार बदलत नाही.

हे मोबाइलच्या त्वरणमापकावर पडताळता येतं. फोन बंद करता येणाऱ्या खिशात ठेवून नोंद करायची आणि पाळणा हेलकावत असेल त्या फेऱ्या सोडून द्यायच्या. तळ आणि माथा यांच्या आकड्यांची सरासरी 9.8 च्या जवळ यायला हवी. त्यांच्यातल्या फरकाच्या निम्म्याला ω² ने भागलं की चाकाची त्रिज्या मिळते, टेप न लावता.