लांबट भोकाचा अँगल: पार्श्वभूमी

सागाच्या टेबलाचा टॉप फ्रेमवर बसवताना लांबट भोकाचे, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा ठेवणारे लोखंडी अँगल लावायचे की साधे गोल भोकाचे, यावर मुंबईत गेली काही वर्षं बरीच हुज्जत चालते. ही हुज्जत जुनी नाही, कारण मधली तीसेक वर्षं हा प्रश्नच नव्हता. तेव्हा टॉप असायचा सनमायका लावलेला प्लाय किंवा बोर्ड, आणि तो पावसाळ्यात अखंड लाकडाइतका फुगत नाही. त्याला खालून कुठलाही अँगल लावा, चार स्क्रू पिळा, काम झालं. त्या काळात शिकून तयार झालेल्या मिस्त्रींच्या हाताला लाकडाला मोकळीक ठेवण्याची सवय लागलीच नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

त्याच्या आधीच्या सुतारांना ती सवय होती. युरोपात अगदी जुनी टेबलं म्हणजे लाकडी घोड्यांवर नुसत्या टाकलेल्या फळ्या, म्हणजे प्रश्न आपोआप सुटलेला. टॉप फ्रेमला पक्का जोडायची पद्धत आली तशा चिरा पडू लागल्या. मग फ्रेमच्या आतल्या अंगाला खाच पाडून तिच्यात सरकणारा लाकडी गुटका बसवायचा आणि स्क्रू फक्त टॉपमध्ये जाईल असं करायचं, ही युक्ती रूढ झाली. लांबट भोकाचा लोखंडी अँगल हे त्या गुटक्याचंच कारखान्यात तयार झालेलं रूप. जाता जाता सांगायचं तर, इराण्याच्या हॉटेलातल्या टेबलाला यातलं काहीच लागत नाही. संगमरवराला पावसाळा कळत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत अखंड लाकडाचे रुंद टॉप परत आले, तेही बहुतेक लोखंडी पायांवर. आणि ही टेबलं जातात एसी घरांत. जुलैत मुंबईची हवा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास दमट असते, तर दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत दमटपणा पन्नासच्या जवळ येतो. उघड्या कारखान्यात १४ टक्के ओल धरून बसलेली फळी अशा खोलीत काही महिन्यांत ९ टक्क्यांवर उतरते. सागात ओल एक टक्क्याने बदलली की पाटा कापाच्या, म्हणजे वाढीची वर्तुळं रुंद बाजूला साधारण समांतर असलेल्या फळीची रुंदी साधारण ०.१९ टक्क्याने बदलते. ९०० मिलिमीटर रुंद टॉपला पाच टक्क्यांच्या फरकाचा हिशेब लावला तर साडेआठ मिलिमीटर होतात. वर्तुळं रुंद बाजूला काटकोनात असलेल्या, म्हणजे उभ्या कापाच्या फळ्या असतील तर जवळपास निम्मे. लांबीत मात्र नगण्य, कारण लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. आणि खालची लोखंडी फ्रेम या सगळ्यात जागची हलत नाही.

‘लाकूड सीझन केलेलं आहे, आता हलायचं नाही’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. सीझन करणं म्हणजे ओल एका पातळीपर्यंत उतरवणं. त्यानंतरही लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पॉलिशने हा वेग कमी होतो, थांबत नाही.

खरा गोंधळ मात्र अँगलपाशीच आहे. दुकानात ‘एल’ मागितला की गोल भोकाचाही मिळतो आणि लांबट भोकाचाही. शिवाय टॉपसाठी म्हणून जो मिळतो, त्याच्या एकाच पाकळीवर बहुधा दोन लांबट भोकं असतात: एक फ्रेमच्या पट्टीला समांतर, दुसरं तिला काटकोनात. जोडीला एक गोल भोक. यातलं एकच वापरायचं असतं, आणि ते फळीच्या रेषेकडे बघून ठरवायचं असतं. भोकाची लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेला हवी. त्यामुळे टेबलाच्या लांब बाजूच्या पट्टीवर काटकोनातलं भोक उपयोगी पडतं आणि आखूड बाजूच्या पट्टीवर समांतर भोक. तीनही भोकांत स्क्रू मारले की लांबट भोक असून नसल्यासारखं होतं. मी पाहिलेल्या दहातल्या सहा-सात टेबलांखाली नेमकं हेच होतं.

दुसरा वाद असा की टॉप घट्ट कुठे धरायचा. कुठे तरी धरायलाच हवा, नाहीतर तो फ्रेमवर भटकत राहतो. एका मताप्रमाणे आखूड पट्ट्यांच्या मध्यावर गोल भोकातून धरावा, म्हणजे हालचाल दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते. दुसऱ्या मताप्रमाणे पुढची कड धरावी आणि सगळी हालचाल मागे जाऊ द्यावी. भिंतीला टेकलेल्या, पुढे ड्रॉवर असलेल्या टेबलाला दुसरं मत बरोबर आहे, कारण पुढची कड ड्रॉवरशी जुळून राहते. जेवणाच्या टेबलाला मला पहिलंच पटतं. वर सांगितलेल्या टॉपखाली दोन लांब पट्ट्यांवरच्या स्क्रूंच्या रांगा ७०० मिलिमीटर अंतरावर आहेत असं धरू. मध्यावर धरलं तर प्रत्येक रांगेला सव्वातीन मिलिमीटर सरकावं लागतं. एक कड धरली तर समोरच्या रांगेला साडेसहा. १५ मिलिमीटरच्या भोकात ५ मिलिमीटरचा स्क्रू मधोमध बसवला तर दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर जागा उरते. पहिल्या पद्धतीत ती पुरते. दुसरीत नाही, तिथे ऋतू बघूनच स्क्रू बसवावा लागतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, फळी फुगलेली असताना, धरलेल्या कडेपासून दूरच्या टोकाला. फळी आकसली की स्क्रू त्या कडेकडे येतो आणि त्याला वाट मिळते.

स्क्रूसुद्धा तळ सपाट असलेल्या डोक्याचा हवा, खाली वॉशर हवा. निमुळत्या डोक्याचा स्क्रू भोकाच्या कडांत रुतून बसतो. आणि घट्ट पिळल्यावर पाव फेरा मागे घ्यायचा. हा पाव फेरा मिस्त्रीला पटवणं सगळ्यात अवघड. ‘साहेब, ढिला सोडू?’ हा प्रश्न मी तीनदा ऐकला आहे.

माझं स्वतःचं टेबल याच मापाचं. जुलैत एका कारखान्यात बनलं, लोखंडी फ्रेमवर गोल भोकाच्या अँगलने आठ स्क्रूंनी जखडलं आणि परळच्या एसी फ्लॅटमध्ये आलं. दिवाळीनंतर मधल्या जोडाजवळ केसाएवढी रेघ दिसली. फेब्रुवारीत त्यात दोन पोस्टकार्डं सहज जात होती. चीर एका टोकापासून सुरू होऊन फूटभर आत आली होती, आणि दोन्ही लांब कडा बोट फिरवल्यावर कळेल इतक्या वर उचललेल्या. पॉलिशवाल्याने लाकडाचा भुसा आणि सरस भरून द्यायची तयारी दाखवली. ते केलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला मागे यायला जागाच उरली नसती.

त्याऐवजी टेबल उलटं केलं. एका बाजूचे चार स्क्रू सोडवताना चौथ्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि टॉप फ्रेमवर सरकला. अँगलची भोकं गोल कानशीने रुंदीच्या दिशेला लांबवली. चिरीत सरस ओतून शिकंजा लावला तेव्हा चीर जवळजवळ पूर्ण मिटली. टोकाला नखाएवढी राहिली ती अजून आहे.